टेपचा चेंडू आणि डावीकडचं स्टेअरिंग

मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो फिरत फिरत आला. उतरतं ऊन, चार-पाच मजली इमारतींच्या मधला वाळूचा मोकळा पट्टा, एका कडेला लावलेल्या गाड्या आणि मधोमध क्रिकेट खेळणारी बरीच माणसं. पोरं नव्हती ती, चांगली तिशी-चाळिशीतली बाप्ये होते. काहींच्या अंगात सलवार-कमीज, काहींच्या अंगात रंग उडालेल्या जर्सी. स्टंप म्हणून प्लास्टिकचा क्रेट उभा केलेला. फोटोखाली कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'कराचीतली संध्याकाळ', आणि त्यापुढे नेहमीचा राजकीय मजकूर, जो इथे नको. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पाचच मिनिटांत त्यावर शिक्का मारला: "बॉलला पांढरी टेप गुंडाळलीय, नीट बघा. टेपबॉल म्हणजे कराचीच." चार-पाच अंगठे वर आले आणि विषय संपला. माझा मात्र संपेना. रात्री जेवताना फोन पुढ्यात धरून मी तो फोटो मोठा करकरून बघत होते आणि बायकांनी जेवताना फोन बघू नये या आईच्या मताकडे दुर्लक्ष करत होते.

फोटो कुठला आहे हे त्यातल्या खाणाखुणांवरून ओळखण्याचा मला जुना नाद आहे. विजेचे खांब, दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेट, झाडं, सावल्या. या नादात एक गोष्ट वारंवार दिसते. फोटोत खेळ दिसला की बघणाऱ्याचा तर्क सुटतोच. क्रिकेट दिसलं की भारत, कबड्डी दिसली की आपलं गाव, रस्त्याकडेला व्हॉलीबॉल दिसला की केरळ. खेळाशी आपली ओळख फार आतली असते, म्हणून ती खूण असावी त्यापेक्षा वजनदार वाटते. काकांचंही तेच झालं. आणि गंमत म्हणजे काकांचं निरीक्षण अगदीच फुकट नव्हतं.

टेपबॉल ही खरोखर पाकिस्तानी गल्लीची देणगी मानली जाते. ऐंशीच्या दशकात कराचीत ती रुळली. टेनिसचा चेंडू घ्यायचा आणि वायरमन वापरतात ती इन्सुलेशन टेप त्यावर ताणून, एकावर एक पदर चढवत गुंडाळायची. केसाळ चेंडू गुळगुळीत होतो, थोडा जड होतो, हवेतून सपकन जातो. मधोमध टेपचा एक जादा पट्टा फिरवला की शिवणीसारखी धार तयार होते. काही षटकांत टेप सुटायला लागते, मग खेळ थांबवून कुणीतरी दाताने टेप तोडत चेंडू पुन्हा बांधतो. सिमेंटवर, डांबरावर लेदरचा चेंडू परवडत नाही आणि साधा टेनिसबॉल वेगवान गोलंदाजाला फार काही देत नाही, त्यातून निघालेला हा मार्ग. पण तो कराचीत राहिला नाही. बांगलादेशात गल्लोगल्ली टेप-टेनिस चालतं. आपल्याकडेही टेप लावून खेळणारे आहेत, फक्त सरसकट नाहीत. मुंबई-पुण्याच्या गल्लीत नुसता रबरी किंवा टेनिसचा चेंडू जास्त दिसतो. म्हणजे टेप दिसली तर पाकिस्तानकडे थोडं झुकायला हरकत नाही. थोडंच.

शिवाय ती टेप आहे हे ठरवायचं कसं? टेनिसचा चेंडू साधारण साडेसहा सेंटिमीटरचा. फोटोत एक मध्यम उंचीचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दोनशे पिक्सेल भरत असेल, तर चेंडूच्या वाट्याला येतात सात-आठ पिक्सेल. त्यात तो हवेत, वेगात, उन्हात. पोपटी टेनिसबॉलसुद्धा उन्हात फटफटून पांढरा दिसतो, आणि फॉरवर्ड होत आलेला फोटो दर टप्प्याला आणखी दाबला जातो. काकांनी पाहिलेली 'पांढरी टेप' हा त्या सात-आठ पिक्सेलचा ठिपका होता. मी चेंडूचा नाद सोडला आणि क्रेटजवळची जमीन पाहिली. तिथे टेपचा चुरगळलेला तुकडा पडलेला चक्क दिसत होता आणि यष्टिरक्षकाच्या मनगटात टेपचं रीळ बांगडीसारखं अडकवलेलं. चला, टेपबॉल नक्की. काका त्या बाबतीत बरोबर.

आता गाड्या. कडेला लावलेल्या गाड्यांपैकी दोन आपल्याकडे तोंड करून होत्या. त्यांच्या काचांतून स्टेअरिंगचं चक्र दिसत होतं, फोटोत आपल्या उजव्या हाताला. समोरून बघताना आपली उजवी ती गाडीची डावी. स्टेअरिंग डावीकडे, म्हणजे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका हे सगळे डाव्या बाजूने गाडी हाकणारे देश. फोटोत क्रिकेट, टेपबॉल, सलवार-कमीज, आणि गाड्या मात्र उपखंडाच्या नाहीत.

फोटो उलटा तर नाही ना, ही शंका इथे घ्यावीच लागते. सेल्फीच्या कॅमेऱ्याने काढलेला किंवा मुद्दाम आरशासारखा फिरवलेला फोटो स्टेअरिंगची बाजू बदलून टाकतो. त्यासाठी अक्षरं बघायची. एका जर्सीच्या पाठीवरचा आकडा सुलटा होता, त्यामुळे ती शंका मिटली. अक्षरं-आकडे नसतील तेव्हा मी खेळाडूंचे हात बघते. क्रिकेटमध्ये डावखुरे कमी नसतात, पण फलंदाज, गोलंदाज आणि थ्रो करणारा असे सगळेच डावखुरे निघाले तर फोटोच उलटा असण्याचा संभव जास्त. खेळाचा असाही उपयोग होतो. देश कळत नाही, पण फोटो कुठल्या बाजूने बघायचा ते कळतं.

मग उरतं काय? क्रिकेट खेळणारी माणसं आणि उजव्या बाजूची वाहतूक. पहिलं नाव अफगाणिस्तान. तिथे गाड्या उजवीकडून चालतात, सलवार-कमीज आहे, आणि क्रिकेट तर आहेच. ते क्रिकेटही स्थलांतराचंच. पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये वाढलेली पोरं ते शिकली आणि परत घेऊन गेली. 1995 साली त्यांचं बोर्ड झालं आणि 2017 साली कसोटी दर्जा मिळाला. तिथे उजव्या स्टेअरिंगच्या जुन्या आयात गाड्याही चालतात, म्हणून एका गाडीवर विसंबून चालत नाही. पण इथे दोन्ही गाड्या डाव्या स्टेअरिंगच्या, आणि पाठीमागे दोन इमारतींच्या फटीतून दिसणाऱ्या रस्त्यावर समोरून येणारी गाडीही त्याच हिशेबात बसणारी. दुसरं नाव आखाती देश. सौदी, कुवेत, कतार, बहारीन, अमिराती, ओमान सगळीकडे वाहतूक उजवीकडून. तिथे उपखंडातली माणसं लाखोंनी राहतात आणि इमारतींमधल्या रिकाम्या वाळूच्या प्लॉटवर, पार्किंगमध्ये सुट्टीच्या दिवशी क्रिकेट खेळतात.

दोन्हींपैकी कुठलं, हे क्रिकेट सांगू शकत नाही. ते सांगितलं भिंतींनी. जवळजवळ प्रत्येक खिडकीत एसीचं खोकं, इमारतींवर फिकट वाळूच्या रंगाचा एकसारखा गिलावा, मागे सपाट क्षितिज, डोंगराचा मागमूस नाही. गाड्यांच्या खाली पांढऱ्या रेघांनी आखलेल्या पार्किंगच्या जागा. तिशी-चाळिशीचे पुरुषच पुरुष, एकही लहान पोर नाही, कडेला बसलेले आजोबा नाहीत, गॅलरीतून हाका मारणारी आई नाही. कामासाठी कुटुंब मागे ठेवून आलेल्या माणसांची वस्ती अशी दिसते. मी आखातावर बोट ठेवलं. आखातातला कुठला देश, ते मात्र त्या फोटोतून निघेना, कारण नंबरप्लेट फोटो दाबल्यामुळे पुसट झाल्या होत्या. तिथे थांबावं लागलं.

ग्रुपवर मी एवढंच टाकलं की गाड्यांची स्टेअरिंगं डावीकडे आहेत, त्यामुळे कराची असणं अवघड दिसतं. काका म्हणाले, "पण पोशाख बघा ना त्यांचे! आणि बॉल! दोन-दोन पुरावे आहेत."

हे 'दोन-दोन पुरावे' प्रकरणच माझ्या मते यातलं सगळ्यात घसरडं ठिकाण आहे. काका मोजत होते: सलवार-कमीज एक, टेपबॉल दोन, क्रिकेट धरलं तर तीन. पण हे तिन्ही एकाच माणसाबरोबर विमानात बसून येतात. पेशावरचा किंवा मुलतानचा माणूस जिथे जाईल तिथे कपडे, चेंडूची सवय आणि खेळ एकदमच नेणार. तेव्हा हे तीन साक्षीदार नाहीत, एकच साक्षीदार तीनदा बोलतोय. तो खरंच बोलतोय, फक्त माणसांबद्दल बोलतोय, जागेबद्दल नाही. स्टेअरिंगची बाजू, रस्त्याच्या रेघा, सावलीची दिशा, खिडकीची घडण या गोष्टी माणसं सामानात भरून नेत नाहीत. म्हणून मी आता फोटोसमोर बसले की मनात दोन ढीग करते. माणसांबरोबर हलणाऱ्या खुणा एकीकडे, जमिनीला चिकटलेल्या दुसरीकडे. पहिल्या ढिगात कितीही खुणा साठल्या तरी त्यांचं एकच मत धरायचं. दोन ढीग एकमेकांशी भांडायला लागले की आधी स्थलांतर आठवायचं, आणि जागेच्या प्रश्नावर दुसऱ्या ढिगाचं ऐकायचं.

आणखी एक फसवणूक आकड्यांची असते. गल्लीतलं क्रिकेट दाखवून कुणी 'भारत' म्हणालं तर ते बऱ्याचदा बरोबर येईल. त्याचं श्रेय खुणेला देऊ नये. जगात क्रिकेट खेळणाऱ्यांत सगळ्यात जास्त माणसं भारतात आणि त्यांच्या हातात फोनही तितकेच, त्यामुळे डोळे मिटून 'भारत' म्हटलं तरी बहुतेकदा जमेल. खूण किती कामाची हे पाहायचं तर प्रश्न वेगळा विचारावा लागतो: ही गोष्ट इथे जितकी सहज दिसते, त्या मानाने तिथे किती कमी दिसते? गल्ली क्रिकेट आणि ब्राझील यांच्यात फरक प्रचंड, तिथे खूण जोरकस. नागपूर आणि लाहोर यांच्यात फरक जवळपास नाही, तिथे ती मुकी.

लहानपणी आम्ही वाड्याच्या बोळात खेळायचो तेव्हा विकेट म्हणजे भिंतीवर विटेच्या तुकड्याने ओढलेल्या तीन उभ्या रेघा. बोळाची रुंदी जेमतेम दोन सायकली जातील एवढी, म्हणून गोलंदाजी हात खाली ठेवून, एक टप्पा झेल बाद, आणि समोरच्या आजींच्या गच्चीत चेंडू गेला की फलंदाज बाद, वर चेंडू आणायचंही त्यानेच. त्या आजी चेंडू विळीवर चिरून खाली टाकायच्या अशी दंतकथा होती. प्रत्यक्षात त्या नुसत्या पदराखाली ठेवायच्या आणि संध्याकाळी परत द्यायच्या. आज कुठल्याही फोटोत क्षेत्ररक्षक सगळे समोरच्या अर्ध्या भागात उभे दिसले, फलंदाजाची पाठ भिंतीला लागलेली असली आणि गोलंदाजाचा हात कमरेखालून सुटत असला की मला नियम न सांगता कळतात. जीव हरखतो. पण त्या नियमांनी बोळाची रुंदी सांगितली, गावाचं नाव नाही. तेवढ्याच रुंदीच्या ढाक्यातल्या बोळात पोरं तेच नियम काढतील, कारण नियम भिंतींनी शिकवलेले असतात. एवढं मात्र खरं की भिंतीवरच्या त्या तीन रेघा दुसऱ्या ढिगातल्या. पोरं घरी गेली, मोठी झाली, दुबईला गेली तरी रेघा तिथेच. फोटोत एकही माणूस नसताना अशा रेघा दिसल्या तर मी त्यांना खेळणाऱ्या माणसांपेक्षा जास्त मान देते.

खेळ कधीकधी जागेऐवजी दिवस सांगतो, हेही त्यातलंच. कोलकात्यात बंदच्या दिवशी भर रस्त्यावर क्रिकेट खेळतात. एरवी बसगाड्यांनी भरलेला चौपदरी रस्ता आणि त्यावर निवांत मांडलेले स्टंप दिसले, तर शहर कुठलं यापेक्षा त्या दिवशी तिथे वाहतूक का नव्हती हा प्रश्न मी आधी घेते. बंद, संचारबंदी, सणाची सकाळ. आखातातही पूर्वी असा फोटो दिसला की शुक्रवार म्हणून मोकळं होता यायचं. 2022 च्या जानेवारीपासून अमिरातीने सरकारी सुट्टी शनिवार-रविवारवर नेली, शुक्रवार अर्धा ठेवला, शारजाने तर शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची केली. त्यामुळे अमिरातीत तरी तो आडाखा आता जुन्या फोटोंपुरता.

कबड्डीकडे वळताना मराठी माणसाचा हात जरा थरथरतो, कारण इथे आपला मालकी हक्क जागा होतो. पण आधी मैदानाचा आकार बघावा. आयताकृती, पुरुषांचं 13 बाय 10 मीटर, मधली रेघ, फक्कीने मारलेल्या बाकीच्या रेघा, ही आपली ओळखीची कबड्डी, आणि ती महाराष्ट्रापासून तमिळनाडूपर्यंत, हरियाणापासून बांगलादेशापर्यंत तशीच. मोठं गोल मैदान, सभोवती उभे-बसलेले लोक, चढाई करणाऱ्याला बहुधा एकटा-दुकटा पैलवान भिडलेला, उघडी तेल लावलेली अंगं, ही पंजाबी वर्तुळातली कबड्डी. ती पंजाबच्या दोन्ही बाजूंना आणि हरियाणात. मग पुन्हा तोच घोळ: कॅनडात आणि इंग्लंडमध्ये पंजाबी मंडळी याच वर्तुळात खेळतात. पायाखाली दाट हिरवळ आणि मागे मेपलची झाडं असली तर लुधियाना म्हणायची घाई करू नये.

कबड्डीचा खरा उपयोग मातीसाठी होतो असं मला वाटायचं. अनवाणी खेळ, त्यामुळे जमीन उघडी, स्वच्छ, उन्हात चांगली दिसणारी. तांबडी माती दिसली की कोकण. मग मुंबईतल्या एका जुन्या क्रीडामंडळाच्या अंगणात स्पर्धेआधीची तयारी पाहायला मिळाली. ट्रकने आणलेली माती, तिचा ढीग, चाळण्या घेऊन बसलेले कार्यकर्ते, चाळलेली माती पसरून पाणी मारून चोपणं चाललेलं. खडा राहिला तर गुडघा फुटतो, म्हणून इतकी मेहनत. भोवताली काँक्रीट आणि मधोमध परगावच्या तांबड्या मातीचा आयत! जमिनीला चिकटलेली म्हणून ज्या खुणेवर मी विश्वास टाकत होते, ती ट्रकमधून आली होती. तेव्हापासून मैदानाच्या आतली माती वेगळी आणि मैदानाबाहेर कुंपणाशी, झाडाच्या बुंध्याशी दिसणारी माती वेगळी धरायची. दोन्हींचा रंग एक असेल तरच तिला जमिनीच्या ढिगात टाकायचं. आता मॅट आल्यापासून मोठ्या स्पर्धांच्या फोटोत तोही प्रश्न उरला नाही.

व्हॉलीबॉल या तिघांत सगळ्यात कमजोर, कारण तो कुठे नाही असं नाही. दोन खांब, एक जाळं, एक चेंडू आणि सपाट जागेचा छोटासा तुकडा. डोंगराळ नेपाळात क्रिकेटला लागेल एवढं सपाट मैदान कुठून आणणार, पण व्हॉलीबॉलपुरती जागा शाळेच्या अंगणात निघते. 2017 साली तो तिथे राष्ट्रीय खेळ ठरला. श्रीलंकेत 1991 पासून तोच राष्ट्रीय खेळ आहे. केरळात खेळतात, कंबोडियात खेळतात, इराणात खेळतात. दोन्ही मुठी जोडून चेंडू मारणारे खेळाडू दिसले की पंजाबचं शूटिंग व्हॉलीबॉल असं काहीजण म्हणतात, पण आपल्याकडे गावोगावी शूटिंग व्हॉलीबॉलच्या स्पर्धांचे फ्लेक्स लागतात, त्यामुळे तीही वाट अर्ध्यावर बंद.

एक अपवाद मात्र मला फार आवडतो. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमध्ये व्हॉलीबॉलची स्वतःची जात आहे. एका बाजूला फक्त तिघे, चेंडू फुटबॉलचा आणि जाळं अरुंद, 2.80 मीटर उंच. नेहमीचं पुरुषांचं जाळं 2.43 मीटर. हा फरक फोटोत मोजता येतो. जाळ्याच्या अगदी खाली उभा असलेला माणूस शोधायचा, पुढे-मागे उभा असलेला चालत नाही कारण अंतराने उंची खोटी दिसते, आणि त्याच्या उंचीच्या किती पट वर जाळ्याची कड आहे ते बघायचं. माणूस साधारण 1.65 मीटरचा धरला तर नेहमीचं जाळं दीडपटीच्या आसपास, हे पावणेदोनपटीजवळ. तिघे-तिघे, फुटबॉल आणि पावणेदोनपट उंची एकत्र दिसली की 'इक्वेडोर' म्हणायला मी कचरत नाही. खेळणारी माणसं तिथली, एवढ्यापुरतं. न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सच्या फ्लशिंग मेडोज बागेत इक्वेडोरचे लोक हाच खेळ, याच उंचीच्या जाळ्यावर खेळतात. उंच जाळंही खांबांसकट माणसांमागून गेलं.

गेल्या महिन्यात भाच्याने एका रिकाम्या शाळेच्या पटांगणाचा फोटो पाठवला आणि विचारलं, "मावशी, ओळख." पटांगणात वीस-पंचवीस मीटर अंतरावर समोरासमोर रोवलेले, छातीपर्यंत येतील असे दोन गुळगुळीत लाकडी खांब. खो-खो! मन लगेच साताऱ्याकडे धावलं. पण खो-खो भारतभर शाळांतून खेळला जातो, नेपाळ-बांगलादेशातही. खांब रोवलेले आहेत, माणसांबरोबर हलणारे नाहीत, म्हणून क्रिकेटपेक्षा बरे. त्यांनी एवढंच सांगितलं की शाळा बहुधा उपखंडातली आणि तिथे कुणीतरी खो-खो मनावर घेतलेला आहे. मी फोटो मोठा केला. डाव्या कोपऱ्यात, व्हरांड्याच्या वर, निम्मी पाटी कापली गेली होती. उरलेल्या भागात 'जि. प. प्राथ' एवढं वाचता आलं. महाराष्ट्र. खांबांकडे मग मी परत बघितलंही नाही, तालुक्याचं नाव कुठे सापडतंय का ते शोधत बसले.